छोट्या पातेल्यातला रस्सा

रस्सा उकळला की पहिली वाटी थोरल्याची, हा त्या दुकानाचा नियम होता. नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडलाही नव्हता. थोरला पळीने वाटीत रस्सा घेई, फुंकर घाले, एक घोट तोंडात धरून छताकडे बघे आणि मग मान हलवे. मान उभी हलली की झाकण पडे आणि दुकानाचं दार उघडे. आडवी हलली की धाकटीला कळे, आता मीठ, चिंच किंवा गूळ यांपैकी काहीतरी हाताशी हवं.

दुकान म्हणजे काय, तर बसच्या वर्कशॉपसमोर पत्र्याचं छप्पर, पत्र्याचीच टेबलं आणि मागे एक अंधारी पडवी, जिथे दोन शेगड्या. तिथे एकच पदार्थ मिळे. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर पातळ, लाल, तिखट रस्सा आणि सोबत पाव. दुसरं काही मागितलं तर थोरला म्हणे, समोर रस्ता आहे, पुढे बरीच दुकानं आहेत. असं बोलूनही गिऱ्हाईक तुटत नव्हतं, कारण रस्साच तसा होता. वर्कशॉपातला वेल्डर तर ताटली तोंडाला लावून रस्सा प्यायचा आणि मग डोळे पुसत पुन्हा वाढा म्हणायचा.

घरात माणसं तीन. थोरला, त्याची बायको म्हणजे थोरली, आणि धाकट्या भावाची बायको धाकटी. धाकटा ट्रक चालवायचा. महिन्यातून कधीतरी घरी येई, झोपे, जेवे आणि जाई. त्यामुळे दुकान या तिघांचंच होतं. थोरली मटकी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, हळद-हिंग-मीठ घालून शिजवायची. मटकी शिजलेलं पाणी ती सांडू देत नसे, कारण रश्शाची निम्मी चव त्या पाण्यात असते. रस्सा मात्र थोरल्याचा. धाकटी चिरायची, वाटायची, वाढायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायचीही. तोंड तिचं फटकळ होतं आणि ते कुणापासून लपलेलं नव्हतं.

मग थोरल्याच्या गालात आतून गाठ आली. तो तंबाखू खात नव्हता, सुपारी खात नव्हता, त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. दात लागला असेल, म्हणत राहिले. पुढचं सगळं भराभर झालं. ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक. थोरली त्याच्याबरोबर इस्पितळाच्या खाली बाकावर दिवस काढत होती आणि इकडे दुकान धाकटी एकटी ओढत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, जमेल का म्हणून. जमवायचंच होतं, इलाजाला पैसा तिथूनच जाणार होता.

रस्सा करायची रीत तिला पाठ होती. इतकी वर्षं बघत आली होती. आधी कांदा, उभा चिरलेला, थोड्या तेलात मंद आचेवर, गडद तपकिरी होईपर्यंत. मग कढई पुसून सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, तेल न घालता. त्यांचा रंग बदामासारखा झाला, वास सुटला की लगेच परातीत काढून पसरायचे. धणे, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, थोडे तीळ वेगळे भाजायचे. लसूण-आलं घालून सगळं गंधासारखं बारीक वाटायचं. वाटण तेलात परतायचं ते कडेने तेल सुटेपर्यंत, मगच तिखट. रंगाची मिरची निराळी आणि जाळाची निराळी, रंगाची जास्त आणि जाळाची हात राखून. त्यात मटकीचं पाणी आणि वर उकळतं पाणी, कारण गार पाणी ओतलं की तर्री वर येत नाही. मग मंद उकळत ठेवायचं, लाल तेल वर तरंगेपर्यंत. धाकटीने ते सगळं केलं. पहिल्या दिवशी वेल्डर ताटली उचलून प्यायला आणि म्हणाला, थोरल्याचाच हात आहे. ती पडवीत जाऊन रडली आणि मग पुढच्या ताटल्या भरायला आली.

थोरला घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. गळ्याची कातडी काळवंडलेली, तोंडात थुंकी नाही, पाण्याची बाटली सतत हातात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चव हळूहळू येईल, काहींना लवकर येते, काहींना फार उशिरा, आणि काहींना पूर्वीसारखी येतही नाही. तिखट तर सध्या नकोच. एवढं ऐकून घेऊन माणूस घरी बसेल, असं ज्याला वाटेल त्याने थोरला पाहिलेला नाही. तो आठवडाभरात दुकानात आला, शेगडीशेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाला, वाटी आण.

वाटीतला रस्सा त्याने तोंडात घेतला आणि तो ओरडलासुद्धा नाही. नुसता वाकला. ओठ फाटल्यासारखे झाले, डोळ्यांतून पाणी आलं. बाटलीतलं पाणी अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं. मग तो म्हणाला, तिखट फार झालंय, जाळाची मिरची निम्मी कर. धाकटीने निम्मी केली. दुसऱ्या दिवशी त्याची निम्मी. तिसऱ्या दिवशी वेल्डरने ताटली पुढे सरकवून विचारलं की हा रस्सा आहे की बाळंतिणीचं कढण. सगळी टेबलं हसली. थोरला पडवीत होता, त्याने ऐकलं की नाही हे कुणालाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी दोघी जावांनी मिळून ती युक्ती काढली. वाटण परतून झालं, तेल सुटलं, की तिखट घालायच्या आधीच त्यातलं थोडं वाटण छोट्या पातेल्यात काढायचं. त्यात रंगाची मिरची चिमूटभर, बाकी मटकीचं पाणी. तो थोरल्याचा रस्सा. मोठ्या पातेल्यात पूर्वीसारखं तिखट, तो गिऱ्हाइकांचा. छोटं पातेलं मोठ्याच्या मागे, भिंतीशी. थोरल्याची वाटी भरताना धाकटी मध्ये उभी राहायची, पाठमोरी. यात वाईट काही आहे असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. आजारी माणसाला सांभाळायचं तर थोडं खोटं चालतं, असं सगळ्याच घरांत वाटतं.

काही दिवस बरे गेले. थोरला छोट्या पातेल्यातला रस्सा तोंडात धरे, छताकडे बघे, मान उभी हलवे. गिऱ्हाइकांना त्यांचा जाळ परत मिळाला. थोरलीचा चेहरा जरा सैल झाला.

मग एका सकाळी थोरला म्हणाला, "कडू लागतंय."

थोरलीने लगेच सावरून घेतलं की औषधांनी तोंड कडू होतं, डॉक्टर म्हणालेच होते. थोरल्याने पुन्हा घोट घेतला आणि जरा वेळाने म्हणाला, असेल. दुसऱ्या दिवशीही कडू. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं की कांदा करपला का. धाकटी तडकून म्हणाली की कांदा मी डोळ्यांत तेल घालून भाजते, या, बघा. त्याने बघितला. कांदा ठीक होता. मोठ्या पातेल्यातला रस्सा तिने त्याच्यादेखत पळीभर पिऊन दाखवला, छान झालाय म्हणाली आणि ते खरंही होतं, तिला कडू लागलं नव्हतं. थोरला तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिची जीभ शाबूत होती आणि त्याची नव्हती, यावर वाद घालायला त्याच्यापाशी काही नव्हतं.

दवाखान्याच्या पुढच्या फेरीत त्याने डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं, असं होतं, कडवटपणा राहतो, काही जणांचा जातच नाही. घरी येऊन त्याने चप्पल काढली, बसला आणि म्हणाला की दुकान नाक्यावरच्या चहावाल्याला देऊन टाकू. चहावाला कधीचा जागा मागतच होता. परवा सकाळी बघायला ये असं त्याला येता येता सांगूनही टाकलं आहे.

थोरली म्हणाली की घाई कशाला, चव येईल. धाकटी म्हणाली की मी आहे ना, तुम्ही नुसते बसा. त्यावर तो तिच्यावर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "रोज वाटी तोंडाला लावतो. रोज कडू लागतं. रोज तुम्ही दोघी सांगता की छान आहे. मी त्या स्टुलावर बसून काय करू? मेलेल्या जिभेची पूजा?"

त्याला बायकांसमोर रडायचं नव्हतं म्हणून तो अंगणात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आलाच नाही. वाटी भरायची गरज नव्हती, पण हाताला सवय झालेली, त्यामुळे धाकटीने छोटं पातेलं नेहमीसारखंच लावलं. दुपारी वर्कशॉपात काहीतरी मोठं काम निघालं होतं, माणसं जास्त आली आणि मोठं पातेलं तळाला गेलं. टेबलं पुसून झाल्यावर तिला कडकडून भूक लागली. थोडे पाव उरले होते. मोठ्या पातेल्यात पळीभरच उरलं होतं, म्हणून तिने छोट्यातला रस्सा ताटलीत घेतला, पाव बुडवला आणि खाल्ला.

पहिला घास गिळला आणि ती थांबली. दुसरा घेतला. जिभेच्या टोकाला सगळं ठीक होतं, कांद्याची गोडी, मीठ, मटकीची चव. पण घास गेल्यावर मागे, अगदी घशाशी, काहीतरी उरत होतं. करपलेल्या भाकरीचा काळा पापुद्रा चुकून चघळावा तसं.

तिला वाटलं आपल्यालाच काही झालं. तिने थोरलीला हाक मारली. थोरली ओला हात पदराला पुसत आली, बोट बुडवून चाखलं आणि तिच्याकडे बघितलं.

"कडू आहे गं," थोरली म्हणाली.

मग दोघींनी मोठ्या पातेल्याच्या तळाचा उरलेला रस्सा घेतला. तिखट जिभेवर असं येऊन आदळलं की बाकी काही कळेना. नाक वाहिलं, कान गरम झाले. धाकटीने घास गिळून तशीच वाट बघितली, पाणी प्यायली नाही. जाळ ओसरला, आणि त्याच्या मागे तोच कडवटपणा होता, बारीक, पण होताच. तिखटाने त्याला झाकून ठेवलं होतं. छोट्या पातेल्यात झाकायला काही नव्हतं.

आता तिला एकेक गोष्ट दिसायला लागली आणि दिसू नये असं वाटायला लागलं. ताटल्यांच्या तळाशी अलीकडे रस्सा उरत होता. ती म्हणायची, पोटं भरली असतील. पुन्हा वाढा म्हणणारे कमी झाले होते. वेल्डर आता लिंबाच्या दोन फोडी मागायचा. त्याला विचारलं असतं तर तोही सांगू शकला नसता की का.

काय बिघडलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सकाळच्यासाठी तिने खोबऱ्याचे काप चिरून ठेवले होते. तिने कढई ठेवली, नेहमीसारखे भाजले, बदामी झाले, वास सुटला, गॅस बंद केला. मग नेहमीसारखीच कढईकडे पाठ करून ती लसूण सोलायला बसणार, तोच थांबली. वळून बघितलं. लोखंडाची जाड कढई. गॅस बंद होता पण लोखंड तापलेलंच होतं. काप कढईतच पडून होते आणि बघता बघता बदामी रंगाचे कॉफीसारखे होत चालले होते. थोरला काप लगेच परातीत काढून पसरायचा. मध्ये गिऱ्हाईक वाढलं तेव्हा धाकटीला परात कांद्यासाठी लागायची, म्हणून तिने खोबरं कढईतच ठेवायला सुरुवात केली होती. पुढे परात मोकळी असायची तरी सवय तीच राहिली. वाटणाला रंग गडद येतो म्हणून ती खूषही होती. एवढी साधी गोष्ट. सकाळी उठून दात घासावेत तितक्या सहज ती इतके दिवस रस्सा बिघडवत होती.

आणि तो एकच माणूस रोज सांगत होता.

धाकटी खाली बसली. "ताई, त्यांची जीभ गेलेली नाही," ती म्हणाली. "आपण त्यांना खोटं पाडत होतो."

थोरलीचं डोकं भराभर चाललं. ती बाई मूर्ख नव्हती आणि वाईट तर मुळीच नव्हती, नवऱ्याला वाचवायला तिने आणखी काय काय केलं असतं याला गणती नाही. तिने सुचवलं की सांगायचं कशाला. उद्या खोबरं नीट भाजू. त्यांना कसंबसं दुकानात आणू, वाटी देऊ. कडू लागणार नाही. त्यांना वाटेल चव परत आली. चहावाल्याला ते स्वतःच परत पाठवतील. केवढा आनंद होईल त्यांना.

धाकटीला ते इतकं आवडलं की क्षणभर तिने डोळे मिटून ते सगळं बघितलं. थोरला मान उभी हलवतोय. थोरली हसतेय. तिच्या करपलेल्या खोबऱ्याचं कुणाला काही कळत नाही.

मग तिने पुढचं बघितलं. चव परत आली म्हटल्यावर थोरला काय करणार? स्टुलावर बसून राहणार नाही. तो सरळ मोठ्या पातेल्यात पळी घालणार. तोंड पुन्हा भाजणार आणि त्याला वाटणार, आलेली चव पुन्हा गेली. त्यावर तिसरं पातेलं कुठून आणायचं?

तिने थोरलीला तेवढंच सांगितलं. थोरलीने तोंडात पदर धरला. सांग मग तूच, ती म्हणाली, मला नाही जमणार.

सकाळी धाकटी थोरल्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. तो खाटेवर बसून कपडे चढवत होता, चहावाला यायचा होता म्हणून धुतलेला सदरा. ती म्हणाली की त्याच्या आधी एकदा दुकानात चला. कशाला, त्याने विचारलं. तिला वाटलं होतं आपण नीट मांडून सांगू, पण तिच्या तोंडून सगळं एकदम आणि उलटसुलट बाहेर आलं. खोबरं, कढई, परात. तो ऐकत होता. त्याचा हात सदऱ्याच्या बटणावर थांबला.

"म्हणजे कडू होतं," तो म्हणाला.

"होतं. रोज होतं. तुमचं बरोबर होतं, भाऊजी."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिला पुढचं बोलूच नये असं वाटलं. कितीतरी दिवसांनी तो चेहरा त्याचा स्वतःचा दिसत होता. पण तो काही अडाणी नव्हता, ज्याने आयुष्य रश्शात घालवलं त्याला पुढचा प्रश्न सुचणारच.

"मग तुला कसं लागलं नाही? पळीभर प्यायलीस माझ्यासमोर. गिऱ्हाइकांना कसं लागलं नाही?"

तिने छोट्या पातेल्याचं सांगितलं.

तो उठला. दुकानापर्यंत तो पुढे आणि दोघी मागे, असे चालत गेले. पडवीत त्याने स्टूल बाजूला केलं आणि भिंतीशी असलेलं छोटं पातेलं उचलून बघितलं, आतून, बाहेरून. घासलेलं, स्वच्छ, रिकामं. त्याने ते जपून खाली ठेवलं.

"म्हणजे मी इतके दिवस चाखत होतो तो रस्सा कुणीच खात नव्हतं," तो म्हणाला.

थोरली म्हणाली, तुमच्यासाठीच केलं हो. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. धाकटीला त्याने रस्सा लावायला सांगितला, खोबरं नीट भाजून, आणि तिखट पूर्वीसारखं, गिऱ्हाइकांना देतात तसं. ती लावत असताना तो उभाच होता. चहावाला आला, पत्र्याच्या टेबलांवर हात फिरवून बघायला लागला, तेव्हा थोरल्याने त्याला बाहेर बसवलं.

रस्सा उकळला. लाल तर्री वर आली. धाकटीने सवयीने वाटी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. त्याने मोठ्या पातेल्यात पळी घातली, फुंकर मारली आणि तोंडात घेतलं.

थोरलीने तोंड फिरवलं. धाकटीने फिरवलं नाही, हे आपण केलंय तर आपण बघायचं, असं तिला वाटलं. तो वाकला, टेबलाची कड धरली, मानेची शीर ताठ झाली. पण घोट त्याने थुंकला नाही, तोंडात धरून ठेवला, छताकडे बघत, जसा पूर्वी धरायचा. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून त्या काळवंडलेल्या कातडीवर. मग गिळलं. पाणी प्यायला. पुन्हा प्यायला.

"नुसती आग," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "खोबरं नाही, कांदा नाही, मीठ नाही. नुसती आग. हे खरं होतं ना, मग हेच द्यायचं होतं मला. पहिल्याच दिवशी कळलं असतं की ह्यातलं मला आता काही कळत नाही. छोट्यातलं कळतं, मोठ्यातलं कळत नाही. एवढंच माझं उरलं होतं आणि तेही तुम्ही मला वेड्यात काढून घालवत होतात."

तो बाहेर गेला. दोघींना वाटलं, दुकान देऊन टाकायची बोलणी करायला गेला, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नव्हती. बाहेर काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण जरा वेळाने चहावाल्याची सायकल निघून गेल्याचा आवाज आला. थोरला आत आला नाही. घरी गेला. दिवसभर जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीत दिवा आधीच लागलेला होता. धाकटी पोचली तेव्हा थोरला शेगडीपाशी उभा होता आणि कढईत खोबरं होतं. तो उलथन्याने हलवत होता, नाक कढईवर. वास त्याला अजून येत होता, हे आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. कुणी विचारलंच नव्हतं. बदामी रंग आला, त्याने कढई उचलून सगळं परातीत ओतलं आणि बोटांनी पसरलं.

तो तिच्याशी बोलला ते कामापुरतं. मिरची बाजूला ठेवायला सांगितली, दोन्ही. वाटण परतलं, तेल सुटलं, मटकीचं पाणी आणि उकळतं पाणी पडलं. मोठ्या पातेल्यात पिवळट तपकिरी रस्सा उकळायला लागला, त्यात तिखटाचा कणही नव्हता. दुकानाच्या इतिहासात तसा रस्सा कधी उकळला नसेल. थोरल्याने पळीने घेतला, तोंडात धरला, छताकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग थोडं मीठ घातलं. चिंचेचा कोळ घातला. पुन्हा चाखला आणि मान उभी हलवली.

मग थोडा रस्सा वेगळा काढून ठेवून तो बाजूला झाला. "आता तिखट तू घाल," तो म्हणाला. "माझं इथपर्यंतच."

धाकटीने कढल्यात तेल तापवलं, गॅस बंद करून जरा निवू दिलं, कारण कडकडीत तेलात तिखट काळं पडतं. आधी रंगाची मिरची, मग जाळाची. तेल लालभडक झालं आणि तिने ते सगळं पातेल्यात ओतलं. चर्र झालं, ठसका उठला, तर्री पसरली. उकळी आल्यावर तिने घोट घेतला. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या हाताकडे नाही, तोंडाकडे.

छान झालाय, हे शब्द तिच्या जिभेवर आलेच होते. इतक्या दिवसांची सवय. तिने गिळून, जाळ ओसरायची वाट बघितली.

"जास्त झालं," ती म्हणाली. "माझा हात जड पडला. कडू नाही, पण खोबरं मागे राहिलंय."

त्याने राखून ठेवलेला बिनतिखटाचा रस्सा दोन पळ्या त्यात घातला आणि खडा गुळाचा. ती पुन्हा चाखायला लागली. आता कांद्याची गोडी आधी आली, मग खोबरं, आणि जाळ सगळ्यांच्या मागून, हळू. बरोबर, ती म्हणाली. त्याने मान हलवली नाही. दार उघडलं.

त्या दिवशी वेल्डर ताटली तोंडाला लावून रस्सा प्यायला आणि पुन्हा वाढा म्हणाला. लिंबू मागितलं नाही. थोरल्याने उष्ट्या ताटल्या स्वतः गोळा केल्या आणि प्रत्येकीचा तळ बघितला, मगच टबात टाकल्या. धाकटीने बरोबर म्हटलं होतं, तरी त्याने बघितला.

आता रोज असंच चालतं. आधी त्याचं, मग तिचं. पुढच्या तपासणीत काय निघेल ते निघेल, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. त्याचा राग गेला का, असं थोरली एकदा धाकटीला विचारत होती. धाकटीने सांगितलं, मला माहीत नाही. तिने अजूनही रोज सकाळी वाटी घासून शेगडीपाशी ठेवलेली असते. तो रोज पळीने थेट पातेल्यातून घेतो, आणि वाटी कोरडीच राहते.